एकच लाट, दोन आलेख: तरंगलांबी, आवर्तकाल आणि फेज कशी वाचायची?

रोह्यात राहणारा माझा मावसभाऊ सध्या सीईटीचा अभ्यास करतोय. परवा रात्री त्याने एका सराव प्रश्नाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, तरंगलांबी ०.८ येतेय, पण पर्यायांत ०.८ मीटर नाहीच. पेपरच चुकलाय ना?"

पेपर बरोबर होता. स्क्रीनशॉटमध्ये दोन आलेख होते आणि दोन्हीकडे तीच नागमोडी रेघ. उभ्या अक्षावर दोन्हीकडे विस्थापन y, सेंटिमीटरमध्ये. फरक फक्त आडव्या अक्षाखालच्या एका अक्षराचा होता: पहिल्यात x, म्हणजे मीटरमधलं अंतर, आणि दुसऱ्यात t, म्हणजे सेकंदांमधला वेळ. पठ्ठ्याने दुसऱ्या आलेखातलं शिखर ते शिखर अंतर मोजलं आणि त्याला तरंगलांबी म्हणून टाकलं. खरं तर त्याने आवर्तकाल अगदी बरोबर काढला होता. फक्त नाव चुकीचं दिलं.

अकरावीत मीसुद्धा हीच चूक केली होती, त्यामुळे त्याला हसायचा हक्क मला नाही. मला हे सगळं नीट समजलं ते फोनच्या कॅमेऱ्यामुळे, म्हणून त्याला तसंच सांगितलं.

फोटो आणि व्हिडिओ

रोह्यातून कुंडलिका नदी वाहते. समजा, पाण्याला लागून सरळ उभी दगडी भिंत आहे. पाणी तिथे खोल आणि जवळजवळ स्थिर आहे. वरच्या बाजूला एकजण रिकामा प्लास्टिकचा ड्रम एका लयीत वरखाली दाबतोय, आणि लाटा भिंतीच्या कडेने डावीकडून उजवीकडे चालल्या आहेत. भिंतीला जिथे पाणी लागतं, ती रेघच लाटेचा आकार दाखवते.

आता समोरून एक फोटो काढा. फोटोत वेळ थांबलेला असतो. भिंतीवर कुठे पाणी किती वर किंवा खाली आहे, एवढंच दिसतं. हाच विस्थापन-स्थान आलेख. यात एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी, λ.

दुसरं काम: भिंतीला टेकवून एक काठी उभी करा, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि फक्त त्या काठीचा व्हिडिओ घ्या. आता जागा एकच आहे आणि वेळ पुढे जातोय. पाणी काठीवर चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. प्रत्येक फ्रेममधली पातळी कागदावर मांडत गेलात की विस्थापन-काल आलेख तयार. यात शिखर ते शिखर म्हणजे आवर्तकाल, T. काठीच्या व्हिडिओत तरंगलांबी कुठेच नसते, कितीही झूम करा. तसंच एका फोटोतून आवर्तकाल वाचता येत नाही.

आकडे घालून बघू

आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत. फोटोत पाण्याची रेघ x = ० ला बरोबर मधल्या पातळीवर आहे, ०.२५ मीटरला शिखर, ०.५० ला पुन्हा मधली पातळी, ०.७५ ला दरी आणि १.२५ ला पुढचं शिखर. म्हणजे तरंगलांबी १.२५ वजा ०.२५, अर्थात १.० मीटर. शिखर मधल्या पातळीपेक्षा ३ सेंटिमीटर वर आहे, म्हणजे आयाम ३ सेंटिमीटर. बरेच जण शिखर ते दरी मोजून ६ लिहितात, किंवा शिखर ते दरी एवढ्या आडव्या अंतरालाच पूर्ण तरंगलांबी समजतात. ते अंतर अर्धंच असतं.

आता x = ० ला उभ्या केलेल्या काठीचा व्हिडिओ. कॅमेरा 30 fps वर असेल तर दर सेकंदाला ३० फ्रेम्स मिळतात. फोटो काढला तो क्षण शून्य धरला, तर काठीवर पहिलं शिखर १८व्या फ्रेमला येतं आणि दुसरं ४२व्या फ्रेमला. मधे २४ फ्रेम्स, म्हणजे ०.८ सेकंद. हा आवर्तकाल.

दोन्ही आलेख हातात आल्यावरच वेग मिळतो:

```
v = λ / T = 1.0 / 0.8 = 1.25 m/s
```

हा लाटेचा वेग आहे. काठीजवळचं पाणी काही या वेगाने कुठे जात नाही, ते जवळपास तिथल्या तिथे हलतं. त्याचा वरखाली होण्याचा वेग हवा असेल तर तो विस्थापन-काल आलेखाच्या उतारावरून मिळतो. आपल्या लाटेत तो जास्तीत जास्त सेकंदाला २३–२४ सेंटिमीटर एवढाच येतो, म्हणजे लाटेच्या वेगाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी.

पाणी वर जाणार की खाली?

परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. फोटोत x = ० पाशी रेघ उजवीकडे चढताना दिसते. मग तिथलं पाणी पुढच्या क्षणी वर जाईल, असं वाटतं ना? ते खाली जातं.

कारण लाट उजवीकडे सरकतेय. x = ० ला पुढच्या क्षणी तेच येणार, जे आत्ता त्याच्या थोडं डावीकडे आहे. डावीकडे आहे दरी. म्हणून काठीवर पाणी आधी उतरतं, सहाव्या फ्रेमला, म्हणजे ०.२ सेकंदाला तळ गाठतं, १२व्या फ्रेमला पुन्हा मधल्या पातळीवर येतं आणि १८व्या फ्रेमला शिखर. त्यामुळे एकाच लाटेचे दोन आलेख शेजारी ठेवले तर एक शून्यापासून वर निघतो आणि दुसरा शून्यापासून खाली.

प्रश्नात फोटोसारखा आलेख दिला असेल, तर मी कच्च्या कागदावर तीच लाट तिच्या दिशेने किंचित सरकवून पुन्हा काढतो. जुन्या रेघेवरच्या बिंदूच्या बरोबर वर किंवा खाली नवी रेघ कुठे आहे ते बघायचं, उत्तर समोर असतं. विस्थापन-काल आलेखात हे काहीच करावं लागत नाही. तिथे रेघ चढतेय म्हणजे पाणी खरंच वर जातंय.

फेज, म्हणजेच कला

फेज म्हणजे तो बिंदू आपल्या फेरीत कुठवर पोचलाय. पूर्ण फेरी ३६० अंशांची. आता २५ सेंटिमीटर उजवीकडे दुसरी काठी उभी करू. पहिलीला अ म्हणू, दुसरीला ब.

फोटोवरून हिशोब सरळ आहे. एका तरंगलांबीला ३६० अंश, तर ०.२५ मीटरला ९० अंश. व्हिडिओवरूनही तेच यायला हवं, आणि येतं. अ वर शिखर १८व्या फ्रेमला, ब वर २४व्या फ्रेमला. फरक सहा फ्रेम्स, म्हणजे ०.२ सेकंद. ०.८ सेकंदाला ३६० अंश, तर ०.२ सेकंदाला ९०. लाट आधी अ ला भेटते, म्हणून ब हा अ च्या ९० अंश मागे आहे.

इथे एक खोच आहे. ब चं एक शिखर शून्याव्या फ्रेमलाही होतं. ते धरलं तर ब पुढे आणि अ १८ फ्रेम्स मागे, म्हणजे २७० अंश, असंही म्हणता येईल. दोन वाक्यांपैकी बरोबर कुठलं, हे फक्त दोन विस्थापन-काल आलेखांवरून ठरत नाही. लाट कुठल्या दिशेने चालली आहे हे माहीत असावं लागतं. शिवाय ब काठी २५ सेंटिमीटरऐवजी १.२५ मीटरवर असती, तरी तिचा आलेख हुबेहूब हाच आला असता. पूर्ण तरंगलांब्या फेजमध्ये दिसत नाहीत. प्रश्नात "दोन बिंदूंमधलं अंतर एका तरंगलांबीपेक्षा कमी आहे" असं वाक्य असतं ते याचसाठी. ते वगळून वाचू नका.

आलेख शून्यापासून सुरू होत नसेल तर? समजा, काठीचा आलेख t = ० ला १.५ सेंटिमीटरवर आहे आणि आयाम ३. मग `sin φ = 0.5`. कॅल्क्युलेटर ३० अंश सांगून मोकळा होतो, पण १५० अंशांचा साइनही ०.५च असतो. रेघेकडे बघा. सुरुवातीला चढत असेल तर ३०, उतरत असेल तर १५०.

खऱ्या नदीत गेलात तर

मावसभावाने लगेच विचारलं, "मग रविवारी नदीवर करून बघू?" करता येईल, पण कुंडलिका वाहती आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी तिच्यात येतं, त्याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं, आणि ते वाढलं-कमी झालं की प्रवाह बदलतो. म्हणून पाण्यात न उतरता काठावरूनच मोजायचं.

प्रवाहाचा परिणाम आलेखांतही दिसतो. खोल पाण्यात, म्हणजे खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून जास्त असेल तर, लाटेचा वेग तरंगलांबीवरून असा निघतो:

```
v = √(gλ / 2π)
```

१ मीटर लाटेसाठी हा १.२५ येतो. मी आकडे याच हिशोबाने निवडले होते. आता प्रवाह लाटेच्याच दिशेने सेकंदाला ०.३ मीटर असेल, तर काठावरून बघताना लाट सुमारे १.५५ मीटर वेगाने जाताना दिसेल. फोटोत तरंगलांबी १ मीटरच मिळाली, तर काठीवर शिखरं २४ऐवजी साधारण १९ फ्रेम्सनी येतील, म्हणजे आवर्तकाल ०.६५ सेकंदाच्या आसपास. असं झालं तर मोजणी चुकली म्हणून सगळं पुसून टाकू नका. एक सुकं पान पाण्यात टाका आणि दोन काठ्यांमधलं २५ सेंटिमीटर अंतर ते किती फ्रेम्समध्ये कापतं ते मोजा. ०.३ च्या प्रवाहात २५ फ्रेम्स लागतील.

काठीऐवजी तरंगणारं बूच वापरायचा मोह होतो. वाहत्या पाण्यात ते टाळा. बूच प्रवाहाबरोबर पुढे सरकतं, म्हणजे जागा एकच राहत नाही, आणि मग तुमच्या आलेखाच्या आडव्या अक्षावर वेळ लिहिला असला तरी त्यात अंतरही मिसळलेलं असतं. ०.३ च्या प्रवाहात बुचावर मोजलेला आवर्तकाल पुन्हा ०.८ येईल आणि शेजारच्या काठीवर ०.६५. मावसभावाला मी सांगितलंय की दोन्ही एकाच व्हिडिओत घे आणि पाठव.