तुमचा जुना ईमेल आयडी आता कोणाकडे आहे?

गेल्या भागात आपण पासवर्डबद्दल बोललो, आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: 'वर्षानुवर्षं न उघडलेली अकाउंट्स कंपन्या आपोआप डिलीट करतात म्हणे, मग त्याचं टेन्शन घ्यायचं का?' उत्तर द्यायला मी २००९ पासून सुरुवात करतो, कारण या विषयातला सगळ्यात चांगला धडा तिथेच आहे.

२००९ साली ट्विटर ही छोटी कंपनी होती. फ्रान्समध्ये राहणाऱ्या, विशीतल्या एका मुलाने तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलमध्ये शिरकाव केला. 'हॅकर क्रोल' हे त्याचं टोपणनाव. ऐकायला भारी वाटतं, पण त्याने कुठलंही सॉफ्टवेअर फोडलं नव्हतं. त्याने जीमेलवर जाऊन 'पासवर्ड विसरलो' असं दाबलं. जीमेलने सांगितलं की पासवर्ड बदलायची लिंक तुमच्या दुसऱ्या ईमेलवर पाठवली आहे, आणि तो ईमेल अर्धवट झाकून दाखवला. पहिली अक्षरं तारकांमागे, आणि @ नंतर फक्त h दिसत होता. एचवरून सुरू होणारी, त्या काळात सगळ्यांकडे असणारी ईमेल सेवा कोणती? हॉटमेल.

आता मजा बघा. त्या कर्मचाऱ्याचं हॉटमेल अकाउंट कधीचंच पडून होतं. हॉटमेल तेव्हा न वापरलेली अकाउंट्स काढून टाकायचं आणि ते नाव पुन्हा बाजारात यायचं. क्रोलने अंदाजाने तेच नाव टाकून नवीन अकाउंट उघडायचा प्रयत्न केला, आणि ते त्याला मिळालं! रीतसर, फॉर्म भरून, फुकटात. मग त्याने जीमेलला पुन्हा लिंक पाठवायला सांगितली. लिंक आली ती थेट त्याच्या हातात.

पुढचं काम त्याने फार शांतपणे केलं. पासवर्ड बदलला की खऱ्या मालकाला लॉगिन करता येणार नाही आणि बिंग फुटणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने इनबॉक्स चाळला. कुठल्यातरी वेबसाइटने पाठवलेल्या जुन्या मेलमध्ये त्या माणसाचा पासवर्ड सरळ लिहिलेला सापडला. त्याने जीमेलला तोच पासवर्ड परत लावला आणि वाट बघत बसला. मालक नेहमीसारखा लॉगिन करत राहिला, त्याला काही कळलं नाही. ऑफिसच्या ईमेललाही तोच पासवर्ड होता. तिथून कंपनीची ३००हून जास्त कागदपत्रं बाहेर गेली आणि टेकक्रंच या साइटकडे पोहोचली. २०१० साली फ्रान्सच्या कोर्टाने क्रोलला ५ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली.

यात अकाउंट डिलीट झाल्यामुळे नेमकं काय बिघडलं? हॉटमेलमधले जुने मेल गेले, त्याने कोणाचंच काही अडलं नाही. अडलं ते पत्त्यामुळे. पत्ता मोकळा झाला, दुसऱ्याला मिळाला, आणि जीमेल मात्र अजूनही तो जुन्या मालकाचाच समजत होतं. म्हणून 'माझं अकाउंट डिलीट होईल का?' एवढंच विचारून भागत नाही. 'डिलीट झाल्यावर ते नाव दुसऱ्याला मिळेल का, आणि त्या नावावर माझं काय काय टांगलेलं आहे?' हे विचारावं लागतं.

हा धडा सगळ्यांनी लगेच घेतला असं नाही. २०१३ च्या जूनमध्ये याहूने एक घोषणा केली. ज्या आयडीवर १२ महिन्यांत कोणी लॉगिन केलेलं नाही, ते आम्ही मोकळे करणार आणि हव्या त्या लोकांना देणार. मुदत १५ जुलै. विचार समजण्यासारखा होता. चांगली, छोटी नावं १५ वर्षांपूर्वीच कोणीतरी घेऊन ठेवलेली, आणि नव्या माणसाला मात्र नावापुढे ४ आकडे लावायला लागायचे. पण सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी तेव्हाच ओरड केली. याहूचं म्हणणं होतं की मधल्या काळात आम्ही त्या पत्त्यांवरचे मेल परत पाठवू, म्हणजे पाठवणाऱ्यांना कळेल. सप्टेंबरमध्ये बातम्या आल्याच: नवीन आयडी घेतलेल्या लोकांना जुन्या मालकांचे मेल येत होते, त्यात खाजगी माहितीसुद्धा. मग याहूने इनबॉक्समध्ये 'हा मेल माझा नाही' असं सांगणारं एक बटण दिलं. माझ्या मते हा उपाय नव्हताच. ज्याच्या हातात चुकून चावी पडली, त्याच्याच भलेपणावर सगळं सोडून दिलं होतं.

खरा तांत्रिक उपाय मात्र त्याच गोंधळातून आला, आणि इंजिनिअर म्हणून मला तो फार आवडतो. याहू आणि फेसबुकच्या इंजिनिअरांनी मिळून मेलमध्ये एक जास्तीची ओळ घालायची पद्धत काढली. २०१४ साली ती आरएफसी ७२९३ म्हणून प्रसिद्ध झाली. समजा, एका मुलीने २००४ ला याहू आयडी काढला, २००८ ला त्यावर फेसबुक उघडलं आणि नंतर याहूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये तो आयडी भलत्याच माणसाला मिळाला. त्याने फेसबुकवर 'पासवर्ड विसरलो' दाबलं. फेसबुक लिंकच्या मेलमध्ये अशी ओळ घालतं:

```
Require-Recipient-Valid-Since: name@example.com;
  Sat, 1 Mar 2008 10:00:00 +0530
```

म्हणजे, 'हा पत्ता १ मार्च २००८ पासून एकाच माणसाकडे असेल तरच हा मेल द्या.' याहूचा सर्व्हर बघतो की सध्याचा मालक २०१३ चा आहे. मग तो मेल नाकारतो आणि मालक बदलल्याचा 5.7.17 हा कोड परत पाठवतो. फेसबुकलाही कळतं की या पत्त्यावर आता विसंबून चालणार नाही.

किती साधी गोष्ट! पण मर्यादा तिथेच आहे. पाठवणाऱ्याने ती ओळ घातली पाहिजे आणि घेणाऱ्याने ती वाचली पाहिजे. शाळेच्या ग्रुपसाठी कोणी चालवलेली छोटी वेबसाइट किंवा बिल पाठवणारी एखादी जुनी सिस्टीम ती घालेलच, याची खात्री तुम्ही-आम्ही देऊ शकत नाही.

याच्या उलटा रस्ता गुगलचा. १६ मे २०२३ ला गुगलने जाहीर केलं की २ वर्षं अजिबात न वापरलेली खाजगी अकाउंट्स डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने डिलीट होतील. आधी ती, जी उघडली आणि पुन्हा कधी वापरलीच नाहीत. ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेल्या अकाउंटला हा नियम नाही. कारणही त्यांनी सांगितलं: पडून असलेल्या अकाउंटवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन असण्याची शक्यता वापरातल्या अकाउंटपेक्षा किमान १० पटींनी कमी असते. आणि महत्त्वाचं म्हणजे, डिलीट झालेला जीमेल पत्ता पुन्हा कोणालाच मिळत नाही. तुम्हालासुद्धा नाही. क्रोलचा रस्ता इथे बंद होतो.

अकाउंट जिवंत ठेवायला फार काही लागत नाही. त्या अकाउंटने लॉगिन करून एक मेल वाचला, एक व्हिडिओ पाहिला किंवा काही सर्च केलं, तरी ते वापरात धरलं जातं. फक्त गुगल फोटोजकडे लक्ष द्या. तिथले फोटो टिकवायचे तर २ वर्षांत एकदा तरी फोटोजमध्येच जाऊन या, असं गुगल सांगतं. डिलीट करण्याआधी इशारे येतात, तेही अनेकदा, त्या अकाउंटवर आणि त्याला जोडलेल्या रिकव्हरी ईमेलवर. पण रिकव्हरी ईमेलच मेलेला असेल तर? मग दोन्ही इशारे रिकाम्या घराच्या दारावर चिकटवल्यासारखे. कॉलेजचा आयडी रिकव्हरीला देऊन पास आउट झालेल्या माझ्या बॅचमधल्या सगळ्यांनो, तुमच्याशीच बोलतोय. myaccount.google.com/security वर जा आणि तिथे दिसणारा रिकव्हरी ईमेल आजही तुमच्याकडे उघडतो का, ते खरंच उघडून बघा.

आता, डिलीट झालेलं बरंच असेल तर? शाळेत असताना काढलेला, आता नाव सांगायला लाज वाटेल असा आयडी असतोच प्रत्येकाचा. तो जाऊ द्यायला हरकत नाही, पण क्रम चुकवू नका. आधी त्या इनबॉक्समध्ये welcome, verify, password असे शब्द शोधा, म्हणजे या आयडीवर कुठे कुठे खाती उघडली आहेत ते सापडेल. तिथे तिथे जाऊन ईमेल बदला. मग takeout.google.com वरून फोटो आणि मेल उतरवून घ्या. त्यानंतर स्वतःच डिलीट करा, २ वर्षं थांबायची गरज नाही. हे सगळं याहूसारख्या ठिकाणच्या आयडीला आणखी लागू, कारण तिथे नाव परत फिरल्याचा इतिहास आहे.

आणि आपणच उरलो नाही तर? गुगलने २०१३ मध्येच त्याची सोय केली आहे. तिचं नाव Inactive Account Manager, पत्ता myaccount.google.com/inactive. अकाउंट ३, ६, १२ की १८ महिने शांत राहिलं की कारवाई करायची, ते तुम्ही ठरवता. जास्तीत जास्त १० माणसांची नावं देता येतात आणि कोणाला काय मिळावं तेही ठरवता येतं. एकाला फक्त फोटो, दुसऱ्याला मेल. शेवटी अकाउंट डिलीट करायचं की नाही, हेही तिथेच. मुदत संपण्याआधी गुगल तुम्हाला मेसेज आणि मेल करून विचारतं, त्यामुळे तुम्ही नुसते हिमालयात ट्रेकला गेला असाल तर घाबरू नका. मी ताईला फोटो आणि ड्राइव्ह दिलंय. मेल कोणालाच नाही.

राहिला मोबाइल नंबर. आपल्याकडे ईमेलपेक्षा जास्त गोष्टी त्यावर टांगलेल्या असतात, आणि नंबर तर परत वापरले जातातच. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय सुप्रीम कोर्टात आला होता. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असं ट्रायने तिथे सांगितलं. ९० दिवसांनंतर मात्र तो कोणाच्याही हातात जाऊ शकतो. व्हॉट्सॲप साधारणपणे १२० दिवस न वापरलेलं अकाउंट डिलीट करतं. नंबर ४५ दिवस शांत असेल आणि मग वेगळ्या फोनवर सुरू झाला, तर ते जुन्या अकाउंटचा प्रोफाइल फोटो वगैरे काढून टाकतं, कारण नंबर दुसऱ्याकडे गेला असं ते धरून चालतं. पण बँक, जीमेल, इन्स्टाग्राम यांना मालक बदलल्याचं आपोआप कळेल असं समजू नका. म्हणून पुण्यात नोकरी लागली म्हणून गावाकडचं सिम बंद करणार असाल, तर ते चालू असतानाच आधी बँकेतला नंबर बदला, मग ईमेलचा रिकव्हरी नंबर, मग बाकीचे ॲप. बदलण्यासाठी लागणारा ओटीपी बऱ्याच ठिकाणी जुन्याच सिमवर येतो.