बेरजेआधी रकाने

किराणा दुकानाच्या जुन्या वह्यांचे फोटो आता आपल्या घराघरांतून फिरू लागले आहेत. माळा साफ करताना लाल कापडी बांधणीची वही सापडते, नातवंडं मोबाइलवर पानं टिपतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, “बघू या, किती उलाढाल होती?” तिथूनच घोटाळा सुरू होतो. आकडे दिसले की हात बेरजेकडे जातो. पण हा आकडा कशाचा, हे ठरल्याशिवाय बेरजेला अर्थच नाही.

माझ्यासमोर बेळगावकडच्या एका खेड्यातल्या दुकानाच्या खातेवहीच्या पानाचा फोटो आहे. खातं एका विधवा बाईचं. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले की ती दुकानाची एक्केचाळीस रुपयांची उधारी ठेवून गेली. नात्यातल्या एका मुलीनं, ती कॉमर्स शिकलेली, या पानाची बेरीज केली आणि तिलाही बाईकडे पैसे निघतात असंच वाटलं. एका बाईच्या नावाला लागलेला हा बोल खरा की खोटा, हे या पानावरूनच ठरायचं आहे.

पानाच्या माथ्यावर दोन आकडे आहेत: शके १८७९ आणि वीर संवत २४८४. दोन्हींचा मेळ १९५७ च्या दिवाळीशी बसतो. म्हणजे हे खातं त्या पाडव्याला उघडलेलं. हे साल का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

पानावर छापील रेघा नाहीत. आपल्या व्यापाऱ्यांची रीत अशी की कागदाला उभ्या घड्या घालायच्या आणि घडीच्या खुणेलाच रकाना समजायचं. हातात वही असली की घडी बोटाला लागते. फोटोत, समोरून उजेड पडला की ती दिसतच नाही आणि शेजारचे आकडे एकमेकांत शिरतात. म्हणून पहिलं काम म्हणजे तोच फोटो पुन्हा काढून घेणं: वही खिडकीपाशी, उजेड एका बाजूनं तिरपा. घडीची बारीक सावली पडते आणि रकाने सुटे होतात.

सुटे झाल्यावर प्रत्येक अर्ध्यावर पाच रकाने निघाले. पहिली मिती, तिच्यावर वाद नाही. दुसऱ्यात बारीक अंक: १४, १४, १५, १७, २१. हे कुणीही आणे-पैशांत धरून टाकील. पण वरून खाली नुसती नजर फिरवा. अंक कधी तोच राहतो, कधी वाढतो, एकदाही घटत नाही. खरेदी अशी शिस्तीत वाढत नसते. हे रोजकीर्दीचं पान आहे, म्हणजे हा व्यवहार मूळ कुठे लिहिला तो पत्ता. त्याची बेरीज करायची नसते.

उरलेल्या तीन रकान्यांत वजन, दर आणि रक्कम असावी, पण नुसत्या अंदाजावर चालायचं नाही. गुळाची ओळ घ्या: २॥, मग ॥=, मग १॥-. उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आडवी एक रेघ म्हणजे सोळावा हिस्सा. कशाचा पाव आणि कशाचा सोळावा, हे चिन्ह सांगत नाही, ते रकाना सांगतो. शेराच्या रकान्यात दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा शेर, रुपयाच्या रकान्यात त्याच रेघा म्हणजे आठ आणे. आता पडताळा घेऊ. अडीच शेर गूळ, दर शेरी दहा आणे. होतात पंचवीस आणे, म्हणजे एक रुपया नऊ आणे. तिसऱ्यात तेच आहे. तूरडाळीची ओळही अशीच: सव्वातीन शेर, बारा आणे दर, एकोणचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये सात आणे. एक ओळ योगायोगानं जुळेल. तीन-चार ओळी जुळल्या की रकान्यांचा अर्थ पक्का समजावा.

वजनाच्या रकान्याची मात्र बेरीज करू नये. गुळाचा शेर तराजूतला आणि जोंधळ्याचा शेर मापातला. नाव एकच, वस्तू दोन.

अर्ध्या पानाखाली रक्कम लिहायची पद्धतच बदलते. खुणा जातात आणि नुसते अंक येतात. एका ओळीत ‘१ ३७’ आहे. आणे सोळा झाले की रुपया होतो, तेव्हा सदतीस आणे कोण लिहील? हे नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तरी काही वर्षं जुनी-नवी नाणी दोन्ही चालत होती आणि दुकानदार सवडीनं बदलले. सहा आण्यांचे साडेसदतीस व्हायचे, सरकारी कोष्टकात तो अर्धा पैसा सोडून सदतीस धरलेले. म्हणून १९, ३१, ३७, ६२, ८७ असे आडनिडे अंक वारंवार दिसले, तर आण्यांचेच नवे पैसे केलेत हे ओळखावं.

फसवणारी ओळ शेंगतेलाची: ‘२ १२’. बारा आणे की बारा नवे पैसे? अंक दोन्हीकडे बसतो. इथे दर कामाला आला. दोन शेर, दर एक रुपया एक आणा, म्हणजे दोन रुपये दोन आणे, आणि दोन आण्यांचे कोष्टकातले बारा नवे पैसे. बारा आणे वाचले असते तर बाईच्या नावावर दहा आणे फुकट चढले असते. ज्या ओळीत दर नाही, तिच्यापुढे खूण करून ती वेगळी ठेवावी. मनानं भरू नये.

आता शेवटचा प्रश्न, आणि तोच सगळ्यांत मोठा. पानाच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय? इंग्रजी पद्धतीच्या खात्यात डावी बाजू नावेची, ती मुलगी तेच शिकलेली. आपल्या देशी वहीत उलट: डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आणि या फोटोत माथ्याचा ‘जमा’ शब्द अर्धा कापलेला. तेव्हा नोंदींनाच विचारावं लागलं. उजवीकडे गूळ, डाळ, तेल, म्हणजे तिनं नेलेला माल. डावीकडे ‘तूप’ आणि ‘रोख’. तूप ती दुकानात घालत होती, आणि आलेले रुपये तिथेच ठेवत होती.

डावीकडची बेरीज एकसष्ट रुपये आठ आणे, उजवीकडची वीस रुपये एक आणा. फरक एक्केचाळीस रुपये सात आणे. त्याखाली लिहिलंय, ‘बाकी देणे’. वही दुकानाची, म्हणून ‘देणे’ बोलतंय ते दुकान. दुकानानं बाईला देणं. खात्री करायला पुढच्या पाडव्याच्या वहीतलं तिचं खातं मागवलं. पहिली ओळ डावीकडेच होती: मागील बाकी, तीच रक्कम.

बँक तालुक्याला, घरात पैसा सुरक्षित नाही, म्हणून खेड्यातल्या कितीतरी बाया चार रुपये दुकानदाराकडे ठेवत. कागद त्यांच्या हातात काही नसे, होतं ते त्या वहीत. म्हणून आकडा तोच राहिला आणि बाजू तेवढी फिरली की ठेवीदार बाई कर्जदार ठरते. पुढच्या वहीत ती रक्कम परत दिल्याची नोंद अजून सापडलेली नाही. ती शोधायचं काम आता दुकानवाल्यांच्या घरच्यांचं आहे.