मानसिक हिशेब व ‘फुकटचा पैसा’

आपला पैसा एकच असूनही मनात त्याचे वेगवेगळे कप्पे करून प्रत्येक कप्प्याला वेगळे नियम लावण्याच्या प्रवृत्तीला वर्तनवादी अर्थशास्त्रात मानसिक हिशेब म्हणतात. ही संकल्पना रिचर्ड थेलर यांनी मांडली. त्यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पगाराचा पैसा जपून खर्चणारा माणूस दिवाळीचा बोनस, आयकराचा परतावा किंवा भेट म्हणून आलेली रक्कम मात्र सहज धोक्यात घालतो, तो या कप्प्यांमुळेच. वास्तविक परतावा म्हणजे वर्षभर आपल्याच उत्पन्नातून जादा कापला गेलेला कर असतो. त्यात फुकट असे काहीच नसते.

थेलर व एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसते. ‘नुकतेच ३० डॉलर जिंकले आहेत’ असे सांगून ९ डॉलर मिळण्याची किंवा गमावण्याची नाणेफेक पुढे केली, तेव्हा ७० टक्के लोक तयार झाले. तोच सौदा ‘खात्रीचे ३० डॉलर, की नाणेफेकीवर ३९ किंवा २१’ असा मांडल्यावर तयारी ४३ टक्क्यांवर आली. दोन्हीकडे अंतिम रकमा सारख्याच होत्या. पहिल्या मांडणीत ९ डॉलरचा तोटा आधीच्या कमाईत जिरून जातो, म्हणून तो फारसा बोचत नाही. जुगारी जिंकलेले पैसे ‘अड्ड्याचेच’ समजून खेळतो, त्यातलाच हा प्रकार.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका नोकरदाराला ६०,००० रुपये बोनस मिळाला. त्याच्या क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपये थकले आहेत आणि महिना साडेतीन टक्क्यांनी त्यावर १,४०० रुपये व्याज चढते. तरी तो ४०,००० रुपयांचे साप्ताहिक ऑप्शन घेतो आणि मुदतीअखेर ते शून्य होतात. ‘बोनसच गेला’ असे तो म्हणतो. प्रत्यक्षात कर्ज फेडण्याची संधी गेली. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. गेलेले भरून काढण्यासाठी पुढच्या पगाराला हात घातला जातो, तेव्हा मामला हाताबाहेर जात असल्याचे ओळखावे.

उपाय रक्कम हाती येण्याआधी ठरवलेला बरा. आलेली रक्कम पगाराच्याच खात्यात जाऊ द्यावी, तिचे नाव पुसावे आणि काही आठवडे तिला हात लावू नये. मग प्रश्न एकच: एवढीच रक्कम पगारातून काढून या सौद्यात घातली असती का? उत्तर नाही असेल, तर सौदा सोडावा व आधी महागडे कर्ज फेडावे. मौजेसाठी थोडा हिस्सा आधीच वेगळा काढण्यात गैर काही नाही, कारण तो खर्च म्हणूनच धरलेला असतो.

मात्र कप्पे सरसकट मोडू नयेत. मुलांच्या शिक्षणासाठी वेगळे खाते ठेवणे हाही मानसिक हिशेबच आहे, आणि तो बचत टिकवतो.