तळटीप : दहा संगणक, दहापट वेग?
* शेअर्ड-नथिंग रचनेत प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर, मेमरी व डिस्क स्वतंत्र असते. देवाणघेवाण फक्त नेटवर्कवरून. शेअर्ड-मेमरीत सगळे प्रोसेसर एकच मेमरी वापरतात, त्यामुळे ते वाढले की तिच्याच वाटेवर कोंडी होते. डेविट आणि ग्रे यांनी १९९२ च्या लेखात पहिल्या रचनेची बाजू घेतली. मात्र मूळ मजकुरातला ‘दहापट वेग’ नोंदींची वाटणी समान झाली तरच मिळतो. एकट्या संगणकाला १०० मिनिटे लागणाऱ्या कामात दहांपैकी एकाच्या वाट्याला २० टक्के नोंदी आल्या, तर बाकीचे नऊ आधीच मोकळे होतात, पण उत्तर २० मिनिटांनीच हाती येते; स्पीडअप पाचच. स्केलअपची कसोटी वेगळी : काम आणि संगणक दोन्ही दहापट केल्यावरही वेळ १०० मिनिटेच राहायला हवा. – संपादक