प्रश्नाचा आवाका आणि पुराव्याची कुवत

न्यूयॉर्कच्या बोलीत स्वरानंतरचा ‘र’ कधी उच्चारला जातो, तर कधी गाळला जातो. या चढउतारात काही नियम दिसत नाही, असे मत ॲलन हबेल यांनी 1950 मध्ये मांडले होते. पुढे विल्यम लाबॉव्ह यांनी नोव्हेंबर 1962 मध्ये तेथील तीन मोठ्या दुकानांत जी पाहणी केली, तिच्यातून प्रश्न आणि पाहणीची रीत यांचा मेळ कसा घालावा लागतो, हे स्पष्ट होते.

सॅक्स हे महागडे, मेसीज मध्यम आणि क्लाइन हे स्वस्त दुकान. लाबॉव्ह गिऱ्हाईक म्हणून जात आणि चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कोठे आहे, असे विचारीत. ‘फोर्थ फ्लोअर’ हे उत्तर मिळताच, नीट ऐकू न आल्यासारखे करून ते पुन्हा वदवून घेत. अशी 264 नोकरांची नोंद झाली.

‘सामाजिक वर्गानुसार “र” बदलतो काय?’ हा प्रश्न या रीतीला पेलणारा नव्हता. कारण नोकराचे शिक्षण वा मिळकत विचारण्याची सोयच तीत नव्हती. दुकानांच्या प्रतिष्ठेच्या क्रमाने त्यांतील नोकरांचा ‘र’ बदलतो काय, एवढेच विचारता येत होते. त्याचे उत्तर निःसंदिग्ध मिळाले. काही वा सर्व ठिकाणी ‘र’ उच्चारणारे सॅक्समध्ये 62 टक्के, मेसीजमध्ये 51 टक्के, तर क्लाइनमध्ये सुमारे एकपंचमांशच होते. ‘सावधपणे बोलताना “र” वाढतो काय?’ या प्रश्नालाही ‘दुसऱ्यांदा, ठासून सांगताना वाढतो काय?’ असे मर्यादित रूप देणे भाग होते.

खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाची होती: ‘शहरात “र” वाढत आहे काय?’ एकाच महिन्यातील पाहणीत काळ नसतो. असतात ती केवळ निरनिराळ्या वयांची माणसे, आणि येथे तर वयही अंदाजानेच टिपलेले. तेव्हा प्रश्न असा होतो: तरुण आणि वृद्ध नोकरांत फरक आहे काय? सॅक्समध्ये तरुणांत ‘र’ अधिक आढळला, मेसीजमध्ये मात्र वृद्धांत, आणि क्लाइनमध्ये वयाशी निश्चित संबंध दिसला नाही. मेसीजमधील वयस्क नोकर वरच्या वर्गातील तरुणांचा उच्चार पुढे आत्मसात करीत असावेत, असा लाबॉव्ह यांचा तर्क होता. तो संभाव्य असला, तरी या पुराव्याने सिद्ध होणारा नव्हे. वयाबरोबर माणसाचा उच्चार पालटतो की पिढीबरोबर, हे एका पाहणीवरून वेगळे करता येत नाही.

मूळ प्रश्नाला त्याच्या मूळ रूपात हात घालता आला तो 1986 मध्ये. जॉय फाउलर यांनी तीच पाहणी पुन्हा केली. क्लाइन बंद पडल्याने त्याच्या जागी मेज हे दुकान घेतले. ‘र’ वाढला होता, परंतु संथपणे. दुकानाच्या या बदलामुळे तिसऱ्या स्थानावरील तुलना मात्र सैल राहिली. तेथे ‘तेच दुकान’ असे न म्हणता ‘त्याच प्रतीचे दुकान’ असे शब्द प्रश्नात घालावे लागतात.