'झोंबी' आणि तिचे उत्तरखंड : वाचकाच्या अपेक्षाभंगाची मीमांसा

प्रस्तावना :
आनंद यादव यांची 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी 1987 साली पु. ल. देशपांडे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. तिला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' हे तिचे पुढील खंड. 'झोंबी'वर प्रेम करणारे अनेक वाचक मात्र या खंडांत तितके रमत नाहीत. त्यामागील कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचन :
पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने उत्कंठा उरत नाही, असे कारण दिले जाते. ते पटण्यासारखे नाही. 'झोंबी' हाती घेणाऱ्या वाचकालाही हा मुलगा शिकून लेखक झाला हे आधीच माहीत असते. तरीही तो पुस्तक खाली ठेवत नाही. तेव्हा कारण कथानकात नसून प्रसंगांच्या घडणीत शोधावे लागते.

'झोंबी'त शेत आणि शाळा एकाच दिवसात, एकाच देहावर हक्क सांगतात. कागलचा हा मुलगा शाळा सोडून शेतात राबतो. आई त्याची बाजू घेऊन दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जाते आणि त्यांच्या शब्दामुळे वडील नमतात; पण सकाळी अकरापर्यंत शेतात काम आणि शाळा सुटल्यावर गुरे राखणे, ही अट घालूनच. सौंदलगेकर मास्तरांनी शिकवलेल्या कविता तो पिकाला पाणी पाजताना म्हणतो. जवळ कागद नसला की काडीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. येथे कष्ट आणि कविता यांना वेगवेगळी जागा नाही. विरोधही घरातलाच आहे. वडिलांचा राग येतो, पण राबणारे हात त्यांना का सोडवत नाहीत, हेही कळते.

उत्तरखंडांत शिक्षण, नोकरी, घर उभारणे आणि लेखन हे विषय येतात. नायक शहरात स्थिरावतो. शेत आणि आईवडील मागे कागलला राहतात. दोन जगांतील ताण संपत नाही, परंतु तो आता एकाच प्रसंगात न भेटता आठवण, काळजी आणि जबाबदारी यांच्या रूपाने येतो. समोर उभ्या असलेल्या वडिलांची जागा परिस्थिती घेते, आणि परिस्थितीशी झोंबी खेळता येत नाही. निवेदनातही कृतीपेक्षा चिंतनाला अधिक वाव मिळतो.

याला एक मर्यादा नोंदवली पाहिजे. शिकलेल्या एका मुलाला मागे राहिलेल्या भावंडांचे किती देणे लागते, याचा हिशेब 'झोंबी'त मांडणे शक्यच नव्हते. तो 'घरभिंती'त मांडला जातो.

निष्कर्ष :
उत्तरखंडांत नायक, कुटुंब आणि प्रामाणिकपणा कायम राहिला. राहून गेली ती कष्ट व अक्षर यांची एककालिकता. भिवंडी परिसरात काम सांभाळून वर्गात येणारा विद्यार्थी 'झोंबी'त स्वतःला लगेच ओळखतो. पदवीनंतर त्याच्या वाट्याला येणारा प्रश्न मात्र 'घरभिंती'चा आहे. म्हणून अध्यापनात पहिला खंड एकटा नेमणे अपुरे ठरते.