'काढून' की 'काढा'? मॅन्युअलमधल्या सूचना कशा लिहितात

नव्या गॅस सिलिंडरला रेग्युलेटर लावायचा आहे आणि हातातल्या कागदावर लिहिलंय:

"सेफ्टी कॅप काढून, व्हॉल्व्हमधील रबरी रिंग तपासून, रेग्युलेटरचा नॉब बंद असल्याची खात्री करून तो व्हॉल्व्हवर बसवण्यात यावा."

वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण त्यात चार कामं आहेत. मराठीत मुख्य क्रियापद शेवटी येतं आणि आधीची कामं 'काढून', 'तपासून', 'करून' अशी मागे ओढली जातात. वाचणाऱ्याची नजर थेट 'बसवण्या'वर जाते आणि रिंग तपासायची राहून जाते. नेमकी तीच नसेल किंवा चिरलेली असेल, तर गॅस गळतो. शिवाय 'तो' म्हणजे नॉब की रेग्युलेटर? आणि 'यावा' म्हणजे कोणी बसवायचा, गिऱ्हाइकाने की सिलिंडर आणणाऱ्याने? ही सरकारी परिपत्रकाची भाषा आहे. स्वयंपाकघरात ती गोंधळ घालते.

म्हणून मॅन्युअलमध्ये आज्ञार्थ वापरतात: काढा, तपासा, फिरवा. प्रत्येक कामाला स्वतंत्र क्रमांक देतात आणि सगळ्या पायऱ्यांची ठेवण सारखी ठेवतात, म्हणजे आधी वस्तू, शेवटी क्रियापद. एक पायरी 'काढा', दुसरी 'तपासावी', तिसरी 'बसवणे' असं झालं, की वाचणारा क्षणभर अडखळतो.

तीच सूचना अशी लिहिता येईल:

आधी घरातल्या शेगड्या, दिवे, उदबत्त्या विझवा.

१. रेग्युलेटरचा नॉब 'बंद'वर फिरवा.
२. सिलिंडरची सेफ्टी कॅप काढा.
३. व्हॉल्व्हमधली रबरी रिंग तपासा. रिंग नसेल किंवा चिरलेली असेल, तर कॅप परत लावा आणि वितरकाला कळवा.
४. रेग्युलेटरची खालची कडी वर ओढून धरा आणि रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ दाबा.
५. कडी खाली दाबा. 'टक्' असा आवाज येतो.
६. रेग्युलेटरचा नॉब 'चालू'वर फिरवा.
७. जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले, तर गॅस गळतोय: नॉब बंद करा, रेग्युलेटर काढा, कॅप लावा.

आगीचा इशारा पहिल्या पायरीच्या आधी आहे, कारण तो शेवटी वाचून उपयोग नाही. 'टक्' आवाजाला वेगळा क्रमांक नाही. ते काम नव्हे, काम नीट झाल्याची खूण आहे, म्हणून ती त्या पायरीतच राहते.

चौथ्या पायरीत मात्र दोन क्रियापदं आहेत, आणि ती मुद्दाम ठेवली आहेत. कडी ओढून धरल्याशिवाय रेग्युलेटर बसत नाही. दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात. ती तोडून दोन क्रमांक दिले, तर वाचणारा कडी ओढेल, सोडेल आणि मग दाबत बसेल. 'धरून', 'दाबून ठेवून' अशी रूपं इथेच शोभतात. एकामागून एक होणाऱ्या कामांसाठी ती वापरली, की वरच्या वाक्यासारखी गत होते.

क्रमांकही फक्त क्रम पाळायचा असेल तेव्हाच द्यावेत. खोक्यातल्या सुट्या भागांच्या यादीला १, २, ३ दिले, तर काही जण ते त्याच क्रमाने जोडायला घेतात.